दोन ओळींत अकरा वर्षं

रेझ्युमेच्या पहिल्या पानावर, नाव आणि फोन नंबर यांच्या खाली दोन ओळींची जागा असते. हल्ली तिला ‘प्रोफेशनल समरी’ म्हणतात. पूर्वी तिथे ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ असायचं. बी.कॉम. झाल्या झाल्या मित्राच्या रेझ्युमेवरून उतरवून घेतलेलं ते वाक्य अनेकांना अजून पाठ असेल: आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा उपयोग करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावणे. बाविसाव्या वर्षी ते खपून जातं, कारण तेव्हा लिहायला दुसरं काही नसतं. पण चाळिशीकडे झुकलेल्या अकाउंटंटच्या रेझ्युमेवर तेच वाक्य दिसलं, की दहा-अकरा वर्षांत हातून काहीच घडलं नाही की काय, अशी शंका येते. घडलेलं पुष्कळ असतं. ते लिहायचं कसं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

त्यातून अकाउंट्समधून फायनान्शियल अॅनालिसिसकडे वळायचं असेल, तर या दोन ओळींवरचा भार आणखी वाढतो. खाली नोकऱ्यांची यादी असते ती सगळी अकाउंट्सची: आधी ज्युनिअर अकाउंटंट, मग अकाउंटंट, मग सीनिअर अकाउंटंट. ती वाचणारा फायनान्स मॅनेजर मनात म्हणणार, ‘हा चांगला अकाउंटंट दिसतोय, पण मला अॅनालिस्ट हवाय.’ त्या यादीकडे त्याने कोणत्या नजरेने पाहावं, हे सांगायला वरच्या दोन ओळींखेरीज दुसरी जागा नसते.

अकाउंटंट आणि अॅनालिस्ट एकाच कपाटातल्या फायली उघडतात, पण त्यांचे प्रश्न वेगळे असतात. काय झालं, हे अकाउंटंट नोंदवतो: व्हाउचर, लेजर, बँक जुळवणी, जीएसटी, टीडीएस, महिन्याचं क्लोजिंग, वर्षाचं फायनलायझेशन. ते का झालं आणि पुढच्या तिमाहीत काय होईल, हे अॅनालिस्टला विचारलं जातं. पहिल्याचं काम जिथे संपतं, तिथे दुसऱ्याचं सुरू होतं. मात्र मध्यम आकाराच्या भारतीय कंपन्यांत या दोन कामांच्या मध्ये भिंत नसते. तिथे अॅनालिस्ट नावाचं पदच नसतं, म्हणून ‘का’चं उत्तरही अकाउंटंटलाच द्यावं लागतं. मालक केबिनमध्ये बोलावून विचारतात, ‘या महिन्यात पॉवरचं बिल एवढं का आलं?’ मग आपण युनिट, उत्पादन, दर काढून संध्याकाळपर्यंत कागद पुढे ठेवतो. हे विश्लेषणच झालं. फक्त त्याला तसं नाव कुणी दिलेलं नसतं आणि रेझ्युमेत तर ते कधीच येत नाही. दोन ओळींचं सगळं काम या बेनामी विश्लेषणाला नाव देण्याचं आहे.

आता एक उदाहरण घेऊ. हा कुणी एक खरा माणूस नाही, पण पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात असे बरेच भेटतात. भोसरीतला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, करासह वार्षिक विक्री ६० कोटी रुपये. आपले अकाउंटंट बी.कॉम., एम.कॉम., वय अडतीस. इथे अकरा वर्षं काढलेली. आधी टॅली, गेली काही वर्षं सॅप. हाताखाली दोन मुलं. त्यांना एखाद्या मोठ्या कंपनीच्या फायनान्शियल प्लॅनिंग अँड अॅनालिसिस विभागात, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘एफपी अँड ए’मध्ये जायचं आहे. बजेट, अंदाज, प्रत्यक्षाशी तुलना हे या विभागाचं काम, आणि अकाउंट्समधून येणाऱ्याला विश्लेषणात शिरायला हाच दरवाजा सर्वांत जवळचा. शेअर बाजारासाठी कंपन्यांचा अभ्यास करणं हेही विश्लेषणच, पण तिथली भरती वेगळ्या वाटेने होते आणि अकरा वर्षांचं क्लोजिंग तिथे फारसं मोजलं जात नाही. त्यामुळे कोणत्या विश्लेषणाकडे जायचं, हे आधी ठरवावं लागतं. ‘फायनान्स क्षेत्रात’ असं मोघम लिहिलं, की पुढच्या ओळीत काय ठेवायचं हेही ठरत नाही.

त्यांनी लिहिलेला पहिला मसुदा साधारण असा होता:

‘मेहनती, परिणामाभिमुख आणि संघभावनेने काम करणारा अकाउंट्स व्यावसायिक. टॅली, जीएसटी, टीडीएस, बँक जुळवणी, फायनलायझेशन यांचा अकरा वर्षांचा अनुभव. फायनान्स क्षेत्रात आव्हानात्मक संधीच्या शोधात.’

यातली विशेषणं काढून टाकायची, हे बहुतेकांना माहीत असतं. स्वतःला आळशी म्हणवून घेणारा रेझ्युमे अजून कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे ‘मेहनती’ या शब्दातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मोठी अडचण दुसऱ्या वाक्यात आहे आणि ती लवकर लक्षात येत नाही, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. नोकरीच्या पोर्टलवर भरती करणारे लोक शब्द टाकून शोधतात. जीएसटी, टीडीएस, टॅली लिहिलं, की जीएसटी, टीडीएस आणि टॅलीच्याच नोकऱ्यांचे फोन येतात. मग माणूस म्हणतो, ‘मार्केटमध्ये अॅनालिसिसच्या जागाच नाहीत.’ जागा असतात, पण त्या भरणाऱ्याने ‘बजेटिंग’, ‘व्हेरिअन्स अॅनालिसिस’, ‘एमआयएस’, ‘फोरकास्टिंग’, ‘पॉवर बीआय’ असं टाकलेलं असतं आणि आपला रेझ्युमे त्या जाळ्यात सापडतच नाही. जीएसटीचा अनुभव लपवायचा नाही. तो खाली, कामाच्या तपशिलात ठेवायचा. वरच्या दोन ओळी मात्र पुढच्या नोकरीच्या भाषेत हव्यात.

हे कळल्यावर बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. दीड-दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स होतो आणि नवा मसुदा तयार होतो: ‘फायनान्शियल मॉडेलिंग, व्हॅल्युएशन आणि डेटा अॅनालिटिक्समध्ये निपुण फायनान्शियल अॅनालिस्ट.’ याने फोन येतात, पण मुलाखत पहिल्या दहा मिनिटांत आटोपते. तिथे एक ठरलेला प्रश्न असतो: घसारा १० लाखांनी वाढला तर तिन्ही पत्रकांत काय बदलेल? कोर्समध्ये शिकवलेलं उत्तर असं. कर २५ टक्के धरला तर करपूर्व नफा १० लाखांनी आणि करोत्तर नफा साडेसात लाखांनी घटतो. घसारा रोखीने द्यावा लागत नाही, म्हणून रोकड मात्र कराच्या बचतीइतकी, म्हणजे अडीच लाखांनी वाढते. ताळेबंदात मालमत्ता १० लाखांनी कमी, रोकड अडीच लाखांनी जास्त, राखीव निधी साडेसात लाखांनी कमी. दोन्ही बाजू जुळतात. पाठ करून आलेला इथे थांबतो. अकरा वर्षं फायनलायझेशन केलेला अकाउंटंट मात्र पुढे विचारू शकतो, ‘हा घसारा कंपनी कायद्याचा की आयकराचा? कारण नुसता पुस्तकी घसारा वाढला तर आपल्याकडे या वर्षी भरायचा कर बदलत नाही, फरक डेफर्ड टॅक्समध्ये जातो.’ समोरच्या मॅनेजरला हवा असलेला माणूस हा असतो. गंमत अशी, की ‘निपुण अॅनालिस्ट’ असं लिहून आपण आपला हाच पाया झाकून ठेवतो.

शिवाय पदनाम बदलणं धोक्याचं आहे. निवड झाल्यावर जुन्या नोकरीची पडताळणी होते. रिलीव्हिंग लेटरवर ‘सीनिअर अकाउंटंट’ आणि रेझ्युमेच्या डोक्यावर ‘फायनान्शियल अॅनालिस्ट’ असेल, तर प्रश्न कौशल्याचा राहत नाही, खरेपणाचा होतो. सरळ अकाउंटंट म्हणावं आणि पुढे कुठे जायचंय ते सांगावं. त्यात कमीपणा काही नाही.

मग लिहायचं काय? पहिल्या ओळीची जुळणी फार अवघड नाही. तिच्यात चार गोष्टी बसतात: आपण कोण, किती वर्षं, कोणत्या उद्योगात आणि केवढ्या कंपनीत. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक जण गाळतात, आणि नेमक्या त्याच वाचणाऱ्याला हव्या असतात. अकरा वर्षं किराणा वितरकाकडे आणि अकरा वर्षं कारखान्यात, यात फरक आहे. कारखान्यातल्या माणसाने साठ्याचं मूल्यांकन, भंगार, जॉबवर्क, मशिन-तासाचा दर हे सगळं पाहिलेलं असतं. कंपनीच्या आकारावरून आकड्यांचा पसारा कळतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची वार्षिक पत्रकं कंपनी निबंधकांकडे दाखल होतच असतात, त्यामुळे एकूण उलाढाल लिहिण्यात गुपित फुटत नाही. ग्राहकवार नफा, भावाचे करार, ग्राहकांची नावं मात्र कधीही लिहू नयेत. आजच्या कंपनीचं जो बाहेर सांगतो, तो उद्या आपलंही सांगेल, असं वाचणाऱ्याला वाटतं आणि ते बरोबरच आहे.

खरी मेहनत दुसऱ्या ओळीला लागते. आपण काढलेल्या आकड्यामुळे कुणाचा तरी निर्णय बदलला, असं एकच काम तिथे हवं आणि ते मोजून सांगितलेलं हवं. ‘असं काही मी केलेलंच नाही’ असं सगळे आधी म्हणतात. तेव्हा गेल्या दोन-तीन वर्षांतल्या मेलमधला ‘सेंट’ फोल्डर उघडावा. साहेबांना महिन्याच्या एमआयएससोबत पाठवलेल्या मेलमध्ये कधी तरी दोन वाक्यं जास्तीची लिहिलेली सापडतात: ‘या महिन्यात वाहतूक खर्च विक्रीच्या प्रमाणापेक्षा जास्त आहे, कारण अर्ध्या भरलेल्या गाड्या गेल्या आहेत.’ धागा तिथूनच धरायचा.

दुसरी जागा म्हणजे बँकेची फाइल. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायची किंवा नूतनीकरण करायचं, की बँक ‘सीएमए डेटा’ मागते. त्यात मागच्या वर्षांचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा अंदाज आणि पुढच्या वर्षांचे प्रक्षेपित आकडे ठरावीक नमुन्यात भरायचे असतात: विक्री, खर्च, साठा, येणी, देणी आणि त्यातून निघणारी खेळत्या भांडवलाची गरज. बाहेरचे सीए त्यावर शेवटचा हात फिरवतात, पण विक्री किती धरायची, साठा किती दिवसांचा, येणी किती दिवसांची, हे कारखान्यातला अकाउंटंटच बसून ठरवतो. म्हणजे तो ताळेबंदाचं प्रक्षेपण करत असतो, आणि एफपी अँड एमध्ये हेच काम वर्षभर चालतं. तरी माझ्या पाहण्यातल्या बहुतेक रेझ्युमेंत या कामाची नोंद ‘बँकेशी संबंधित कामे’ एवढीच असते. लिहिताना एक काळजी घ्यावी. नुसतं ‘सीएमए’ लिहिलं तर वाचणाऱ्याला ती कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंटची पदवी वाटू शकते. ‘बँकेच्या मर्यादेसाठी प्रक्षेपित ताळेबंद आणि खेळत्या भांडवलाचा अंदाज’ असं उलगडून लिहिलं, तर घोटाळा होत नाही आणि कामाचं खरं रूपही दिसतं.

आपल्या अकाउंटंटना मेलमध्ये जे सापडलं ते उधारीबद्दल होतं. ते दर महिन्याला येण्यांची वयवारी काढायचे: ३० दिवसांच्या आतली, ३० ते ६०, ६० ते ९०, त्यापुढची. पत्रक सेल्सकडे जायचं, सेल्सवाले ग्राहकाला फोन करायचे आणि पुढच्या महिन्यात तेच पत्रक पुन्हा. एकदा त्यांनी ९० दिवसांपुढची सगळी बिलं बाजूला काढून प्रत्येकासमोर न येण्याचं कारण लिहिलं. तेव्हा असं दिसलं, की बरीचशी रक्कम ग्राहकाकडे पैसे नाहीत म्हणून थकलेलीच नव्हती. कुठे ग्राहकाच्या गेटवर मालाची जीआरएन झाली नव्हती, कुठे बिलातला दर आणि पर्चेस ऑर्डरमधला सुधारित दर जुळत नव्हता, कुठे चार नग कमी आले म्हणून अख्खं बिल अडवून ठेवलेलं. फोन करून अशी बिलं सुटत नाहीत, कागद दुरुस्त करावे लागतात. त्यांनी कारणवार यादी केली. डिस्पॅचकडे जीआरएनचा पाठपुरावा गेला, सेल्सकडे दरदुरुस्ती, आणि डेबिट नोटा दर आठवड्याला निकाली निघू लागल्या. वर्षभरात वसुलीचा सरासरी काळ ७४ दिवसांवरून ६१ दिवसांवर आला.

या १३ दिवसांची किंमत काढणं सोपं आहे. वर्षाची विक्री ६० कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे १६ लाख ४४ हजार. तेरा दिवसांचे झाले सुमारे २ कोटी १४ लाख. एवढी रक्कम ग्राहकांकडे अडकली होती, ती मोकळी झाली. कॅश क्रेडिटवर १० टक्के व्याज धरलं, तर वर्षाला साधारण २१ लाख रुपये वाचतात. अकाउंटंटच्या लेखी हे ‘वयवारी पत्रक तयार करणे’ होतं. तेच ‘बिलांवरच्या वादांची कारणं शोधून वसुलीचा काळ १३ दिवसांनी घटवला’ असं लिहिलं, की अॅनालिस्टचं काम होतं.

पण हा आकडा लिहिण्याआधी त्याची झडती घ्यायला हवी, कारण मुलाखतीत ती होणारच. नेहमीचं सूत्र असं:

```
(येणी / उधारीची विक्री) × 365
```

यात पहिली चूक कराची. येण्यांच्या आकड्यात जीएसटी धरलेला असतो, नफा-तोटा पत्रकातल्या विक्रीत तो नसतो. दोन्ही तसेच भागले तर दिवस फुगतात. १८ टक्के कर असेल, तर असे काढलेले ७४ दिवस खरे तेव्हा सुमारे ६३च असतात. म्हणून वर विक्री करासह घेतली आहे. दुसरी चूक तारखेची. ३१ मार्चची येणी घेतली आणि मार्चमध्ये विक्री नेहमीपेक्षा जास्त झालेली असेल, तर वसुली बिघडलेली नसतानाही दिवस वाढलेले दिसतात. त्यामुळे बारा महिन्यांच्या अखेरच्या येण्यांची सरासरी घ्यावी आणि दोन्ही वर्षं एकाच रीतीने मोजावीत. तिसरा प्रश्न सर्वांत खोचक: त्याच वर्षी एखाद्या मोठ्या ग्राहकाने स्वतःहून मुदत ९० दिवसांवरून ६० वर आणली होती का? तसं असेल तर सुधारणेतला तेवढा भाग आपला नाही, तो वजा करून उरेल तेच लिहायचं. आपल्या उदाहरणात मुदती बदललेल्या नव्हत्या, म्हणून १३ दिवस टिकले. हे तिन्ही प्रश्न आधी स्वतःला विचारलेले असतील, तर मुलाखतीतली पंधरा मिनिटं आपल्याच अंगणात जातात. खरं तर दुसरी ओळ लिहायची ती त्यासाठीच. चर्चा कुठून सुरू व्हावी, हे आपण ठरवलेलं असतं.

क्रियापदही तोलून वापरावं. वसुलीचा काळ एकट्या अकाउंटंटने कमी केलेला नसतो. डिस्पॅचने पळापळ केली, सेल्सने ग्राहकाला मनवलं. ‘मी घटवला’ म्हणावं की ‘घटवण्यात मदत केली’? दुसरं फार मिळमिळीत आहे, त्यातून तुमचा हात कुठे लागला ते दिसत नाही. माझं मत असं, की आपण नेमकं काय केलं ते क्रियापदात आणावं: कारणं शोधली, वर्गवारी केली, साप्ताहिक आढावा सुरू केला. आणि परिणाम त्याच्या जोडीने ठेवावा. श्रेय चोरल्यासारखंही होत नाही आणि सोडल्यासारखंही नाही.

आता जागेचा हिशेब. ए-फोर कागदावर, नेहमीच्या समासात, ११ पॉइंटच्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ साधारण शंभर अक्षरांची होते. म्हणजे दोन ओळींत दोनशे ते सव्वादोनशे अक्षरं, रिकाम्या जागा धरून. लिंक्डइनच्या हेडलाइनला २२० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे कागदावर बसलेलं वाक्य जवळजवळ तसंच तिथेही चालतं. मोजायला आपलंच हत्यार वापरावं. एक्सेलच्या ए-१ खान्यात मजकूर टाकायचा आणि शेजारी लिहायचं:

```
=LEN(A1)
```

आकडा अडीचशेच्या वर गेला, की काही तरी काढावं लागतं. सगळ्यांत आधी जावं ते सॉफ्टवेअरांच्या यादीने. ‘एमएस ऑफिस’ लिहिण्यात अर्थ नाही, वर्ड कुणालाही येतं. पॉवर क्वेरीने चार शाखांचा डेटा एकत्र करता येत असेल, तर तेवढंच नाव ठेवावं. पण तेही प्रत्यक्ष कामात वापरलेलं असेल तरच. एक्सेलची परीक्षा हल्ली लॅपटॉप पुढे सरकवून घेतात.

पदव्यांचं काय? आपल्याकडे सीए इंटरमध्ये अडकलेले पुष्कळ आहेत आणि तो उल्लेख वर करावा की नाही, याचा त्यांना घोर लागलेला असतो. दोन्ही ग्रुप सुटले असतील तर पहिल्या ओळीत ‘सीए इंटर’ हे दोन शब्द जरूर टाकावेत, एफपी अँड एमध्ये त्याला किंमत आहे. एकच ग्रुप झाला असेल तर ते शिक्षणाच्या रकान्यात राहू द्यावं. जी.डी.सी. अँड ए. ही सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीसाठी उत्तम पदविका आहे, पण या दोन ओळींत तिचं काम नाही.

मुदती, अंक, क्रियापदं, सगळं चाळून झाल्यावर आपल्या अकाउंटंटच्या दोन ओळी अशा उतरल्या:

‘वाहनांच्या सुट्या भागांच्या उत्पादनात (उलाढाल ६० कोटी) ११ वर्षांचा अनुभव असलेला अकाउंटंट, क्लोजिंग, बजेट आणि एमआयएस सांभाळून आता एफपी अँड एकडे. अडकलेल्या बिलांची कारणं शोधून वसुलीचा काळ ७४ वरून ६१ दिवसांवर आणला. सॅप, पॉवर क्वेरी.’

रेझ्युमेत हे इंग्रजीत जाईल आणि तिथे ते ठरलेल्या अक्षरांत बसतं. यात एकही विशेषण नाही. जीएसटी आणि टीडीएस दिसत नाहीत, पण अकरा वर्षांच्या अकाउंटंटला ते येतं, हे वाचणारा धरूनच चालतो. भरती करणारा जे शब्द शोधतो त्यांतले बजेट, एमआयएस, एफपी अँड ए आणि सॅप आहेत. ‘व्हेरिअन्स अॅनालिसिस’ नाही, कारण त्यांनी ते नियमित केलेलं नाही. ‘आता एफपी अँड एकडे’ हे तीन-चार शब्द काही सल्लागार काढायला सांगतात. इच्छा सांगण्यात जागा घालवू नये, असं त्यांचं म्हणणं. नोकरी त्याच रेषेत बदलणाऱ्यासाठी ते बरोबर आहे. रेषा बदलणाऱ्याने मात्र दिशा सांगावीच, नाही तर खालची अकाउंट्सची यादी वाचून त्याला पुन्हा अकाउंट्समध्येच ढकललं जातं.

हीच माणसं उद्या एखाद्या बँकेत किंवा वित्तसंस्थेत क्रेडिट अॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करणार असतील, तर पहिली ओळ जवळपास तशीच राहील, दिशा तेवढी बदलेल. दुसरी ओळ मात्र पूर्ण बदलावी लागेल. तिथे वसुलीचे दिवस मागे जातील आणि बँकेसाठी केलेलं प्रक्षेपण पुढे येईल: कितीची मर्यादा, किती वर्षांचे अंदाज, आणि अंदाज केलेली विक्री व प्रत्यक्ष विक्री यांत किती टक्क्यांचा फरक पडला. हा फरक पाच टक्क्यांच्या आत असेल, तर क्रेडिटच्या माणसाला त्याहून बोलका आकडा दुसरा नाही. तो काढायला जुनी फाइल उघडून दोन रकाने शेजारी ठेवले की झालं. आपण केलेला अंदाज खरा ठरला का, हे फारसं कुणी मागे वळून पाहत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि समजा, मेल चाळले, बँकेची फाइल पाहिली, तरी दुसऱ्या ओळीत ठेवण्यासारखं काहीच हाती लागलं नाही? काही कंपन्यांत अकाउंटंटला खरोखरच नोंदींपलीकडे जाऊ देत नाहीत. अशा वेळी शब्द शोधत बसण्यात किंवा आकडा रचण्यात अर्थ नाही. अर्ज पाठवणं दोन तिमाह्या लांबवा आणि आहे त्याच नोकरीत एक काम मागून घ्या: एखाद्या खर्चाचं बजेट आणि प्रत्यक्ष यांची महिन्याची तुलना, कारणांसह, एका पानावर. वाहतूक घ्या, ओव्हरटाइम घ्या, वीज घ्या. एप्रिल ते मार्च वर्ष असलेल्या बऱ्याच कंपन्यांत बजेटची जुळवाजुळव जानेवारीनंतर सुरू होते. तेव्हा साहेबांना कामाला माणूस हवाच असतो आणि असं काम मागायला आलेल्याला ते सहसा नाही म्हणत नाहीत.